ॲपशिवाय इअरबड: कोणती सोय नेमकी कुठे असते?

नवे इअरबड खोक्यातून काढले, डबी उघडली, फोनच्या ब्लूटूथ यादीत नाव दिसलं, त्यावर बोट ठेवलं आणि गाणं सुरू झालं. इथवर कुणी काही विचारलं नाही. मग खोक्यावर छापलेल्या इतर सोयी वापरून पाहाव्यात म्हणून कंपनीचं ॲप शोधायला गेलं की अडवणूक सुरू होते. ॲप उघडताच ईमेल मागतं, ओटीपी मागतं, कधी जन्मतारीखही मागतं. कधी तर ॲपच मिळत नाही, ‘हे ॲप तुमच्या देशात उपलब्ध नाही’ एवढंच प्ले स्टोअर सांगतं.

गाणं ऐकायला कुणाची परवानगी लागली नाही, मग त्याच गाण्याचा बास थोडा वाढवायला नावगाव का द्यावं लागतं? याचं उत्तर असं, की इअरबडच्या सोयी एकाच जागी नसतात. काही सोयी बडच्या आत असतात, काही आपल्या फोनमध्ये आणि काही कंपनीच्या सर्व्हरवर. खात्याची खरी गरज फक्त सर्व्हरवरच्या सोयींना असते. बाकीच्यांसाठी खातं मागितलं जातं ते कंपनीच्या सोयीसाठी.

सगळ्यांना येणारी भाषा

फोन आणि इअरबड एकमेकांशी कसे बोलतात याचे नियम एकट्या कंपनीने ठरवलेले नाहीत. ब्लूटूथ एसआयजी ही हजारो कंपन्यांची संघटना ते नियम ठरवते आणि प्रत्येक कामासाठी एक ठरीव करार असतो. त्याला ‘प्रोफाइल’ म्हणतात. गाणं पोचवण्याचा करार वेगळा, फोनवर बोलण्याचा वेगळा, थांबवा-पुढचं गाणं-आवाज वाढवा या आज्ञांचा वेगळा. हे तीनही करार आपल्या फोनला, लॅपटॉपला आणि गाडीच्या स्टिरिओला आधीपासून येतात. म्हणून या कामांसाठी ॲप लागत नाही आणि पुढेही लागणार नाही. कंपनी बंद पडली तरी ही कामं चालू राहतील.

बॅटरीचा आकडाही बहुधा याच वाटेने येतो. फोनवर बोलण्याचा जो करार आहे, त्यात बड आपल्या फोनला छोट्या ओळी पाठवू शकतात. त्यातली एक ओळ अशी असते:

```
AT+IPHONEACCEV=1,1,7
```

पहिला 1 सांगतो की माहितीचा एकच तुकडा येतो आहे. दुसरा 1 म्हणजे हा तुकडा बॅटरीबद्दल आहे. शेवटचा 7 ही पातळी, आणि ती 0 ते 9 यांमध्येच असते. फोन हा 7 वाचून पडद्यावर 80 टक्के लिहितो. ही ओळ ॲपलने ठरवलेली, पण अँड्रॉइड फोनलाही ती कळते. अनेक बडची बॅटरी फोनवर 90, 80, 70 अशा उड्या मारत का उतरते, ते आता लक्षात येईल. मधले आकडे सांगायची जागाच त्या ओळीत नाही. डावा, उजवा आणि डबी असे तीन आकडेही तिथे मावत नाहीत, एकच मावतो. पुढे ब्लूटूथच्या अधिकृत करारात 0 ते 100 आकडा पाठवायची सोय झाली, पण तिथेही बॅटरीचा आकडा एकच. तेव्हा ॲप न बसवल्यामुळे डबीची बॅटरी दिसत नसेल, तर बडमध्ये बिघाड नाही.

कंपनीची खासगी भाषा

बाहेरचा गोंगाट कमी करणं, बाहेरचा आवाज मुद्दाम आत घेणं, इक्वलायझर, दोनदा टिचकी मारल्यावर काय व्हावं, एकाच वेळी दोन उपकरणांना जोडलेलं राहणं: या कामांसाठी असा सर्वमान्य करार वर्षानुवर्षं नव्हता. त्यामुळे प्रत्येक कंपनीने आपापली भाषा तयार केली. गाण्याच्या वाटेला समांतर अशी एक अरुंद वाट फोन आणि बड यांच्यात उघडते आणि तिच्यावरून ॲप मोजक्या बाइट्सचा निरोप पाठवतं. निरोपात आज्ञेचा क्रमांक असतो, त्या आज्ञेचं मूल्य असतं आणि निरोप वाटेत बिघडला नाही ना हे तपासणारा एक आकडा असतो. बड तो निरोप वाचतात, अमलात आणतात आणि नवं मूल्य आपल्या आतल्या स्मृतीत लिहून ठेवतात.

या साखळीत इंटरनेट कुठेच नाही. गोंगाट कमी करण्याचं गणित बडमधली चिप करते. तुमचं नाव काय, ईमेल कोणता, हे चिपला माहीत नसतं आणि तिला त्याची गरजही नसते. निरोप योग्य भाषेत आला आणि तो जोडलेल्या उपकरणाकडून आला, की तिचं काम होतं.

यातूनच सगळ्यात उपयोगी गोष्ट निघते. मूल्य बडमध्येच लिहिलं जातं, म्हणून ते एकदाच लिहिलं तरी पुरतं. पँटची उंची शिंप्याकडून एकदा कमी करून घेतली की शिंप्याला रोज बरोबर न्यावं लागत नाही. तुमच्या फोनवर ॲप चालत नसेल, तर ज्याच्या फोनवर चालतं अशा कुणाकडून एका संध्याकाळी सगळं हवं तसं लावून घ्या. बड तुमच्या फोनला परत जोडले तरी ते तसंच राहतं.

मात्र सगळ्या सोयी बडमध्ये राहत नाहीत. काही ॲप इक्वलायझरचं काम फोनमध्येच उरकतात आणि बदललेला आवाज बडकडे पाठवतात. जागेप्रमाणे गोंगाटाचा मोड आपोआप बदलणं, म्हणजे घरी एक आणि स्टेशनवर दुसरा, हेही काम फोन करतो, कारण आपण कुठे आहोत ते फोनला कळतं, बडला नाही. कोणती सोय कुठे आहे हे ओळखायला इक्वलायझरमधला बास अगदी टोकाला न्या, बड त्या फोनवरून काढा, दुसऱ्या फोनला किंवा लॅपटॉपला जोडा आणि तेच गाणं लावा. बास तसाच घुमत असेल, तर बदल बडमध्ये लिहिला गेला आहे. गाणं साधं वाजलं, तर तो बदल पहिल्या फोनमध्येच राहिला.

अशा वेळी आपल्या फोनचा स्वतःचा इक्वलायझर वापरावा. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या ध्वनी सेटिंगमध्ये तो असतो आणि त्याला खातं लागत नाही.

ॲप नसतानाही गोंगाटाचा मोड बदलता येतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. ज्या बडमध्ये ही सोय आहे, त्यांत बहुधा बडवर बोट दाबून धरलं की मोड बदलतो. एअरपॉड्स प्रोच्या दांडीवर दाबून धरलं तर अँड्रॉइड फोनबरोबरही हे चालतं, आणि ॲपलने त्यांच्यासाठी अँड्रॉइड ॲप काढलेलंच नाही. नेमकी खूण खोक्यातल्या घडीच्या कागदावर दिलेली असते. तो कागद टाकून देऊ नये.

मग खातं कशासाठी मागतात?

खात्याशिवाय चालणार नाहीत अशा काही सोयी खरोखर आहेत. हरवलेले बड नकाशावर पाहायचे असतील, तर ते शेवटचे कुठे दिसले याची नोंद सर्व्हरवर लागते आणि ती कुणाला दाखवायची हे ठरवायला ओळख लागते. नवा फोन घेतल्यावर जुनी सेटिंग आपोआप यावीत, असं वाटत असेल तर तीही कुठेतरी साठवावी लागतात. वॉरंटीची नोंदणी तिसरी, पण वॉरंटीसाठी बिल जपून ठेवणं जास्त कामाचं.

म्हणून ॲपने खातं मागितलं तर आधी पडदा नीट पाहावा. कोपऱ्यात किंवा तळाशी बारीक अक्षरांत ‘Skip’, ‘Not now’ किंवा ‘Continue as guest’ असतं. सोनीच्या ‘साउंड कनेक्ट’मध्ये लॉगिन न करता बड जोडता येतात, इक्वलायझर लावता येतो, मोड बदलता येतात. असा पर्याय जिथे दिसत नाही, तिथे ॲपला जवळच्या उपकरणांची परवानगी देऊन एकदा बंद करून पुन्हा उघडून पाहावं, कारण काही ॲप बड सापडल्यानंतरच पुढचा पडदा दाखवतात.

लोकेशनच्या परवानगीबद्दल एक खुलासा करायला हवा. अँड्रॉइड 11 पर्यंत आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधायची तर ॲपला लोकेशनची परवानगी घ्यावीच लागे, कारण जवळच्या ब्लूटूथ उपकरणांवरून माणूस कुठे आहे ते ओळखता येतं. अँड्रॉइड 12 पासून त्यासाठी ‘Nearby devices’ ही स्वतंत्र परवानगी आली. तेव्हा जुन्या फोनवर लोकेशन मागणारं ॲप संशयास्पद असेलच असं नाही. नव्या फोनवर मात्र नकाशाची सोय वापरायची नसेल तर लोकेशन नाकारावं. बड तरीही जोडले जातात.

ॲप आपल्या देशात नाही, म्हणजे काय?

प्ले स्टोअरमध्ये कोणतं ॲप कोणत्या देशात दाखवायचं हे ॲप बनवणारी कंपनी ठरवते. आपला देश कोणता, हे गुगल आपल्या खात्याच्या पेमेंट प्रोफाइलवरून ठरवतं. त्यामुळे व्हीपीएन लावून फोन दुबईत असल्याचं भासवलं तरी बहुधा उपयोग होत नाही. देश बदलता येतो, पण तुम्ही त्या देशात असायला हवं, तिथलं पैसे भरण्याचं साधन हवं, आणि एकदा बदलला की वर्षभर पुन्हा बदलता येत नाही. जुन्या देशातली प्ले शिल्लक नव्या देशात वापरता येत नाही. इअरबडच्या बाससाठी एवढा उपद्व्याप करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. दुबईत नोकरीला असलेल्या भावाने सुट्टीवर येताना पुण्यातल्या बहिणीसाठी हुआवेचे ‘फ्रीबड्स 5i’ आणले, असं समजा. हुआवेवर अमेरिकेने 2019 साली निर्बंध घातले, तेव्हापासून तिच्या नव्या फोनमध्ये गुगलच्या सेवा नसतात आणि तिची ॲप मुख्यतः तिच्याच ‘ॲपगॅलरी’ या दुकानातून मिळतात. बहिणीला तिच्या अँड्रॉइड फोनवर एका इअरबडसाठी आणखी एक आख्खं दुकान बसवायचं नाही.

ती आधी बड साधेपणाने जोडते. डबीचं झाकण उघडं ठेवून बाजूचं बटण 2 सेकंद दाबलं की दिवा पांढरा लुकलुकतो, मग फोनच्या ब्लूटूथ यादीतून नाव निवडायचं. गाणं, फोन, दोन टिचक्यांनी थांबवणं, बडच्या दांडीवर बोट सरकवून आवाज कमी-जास्त करणं, दाबून धरून मोड बदलणं, हे सगळं लगेच चालतं. पण तिला आणखी काही गोष्टी हव्या आहेत. दाबून धरल्यावर बाहेरचा आवाज आत घेणारा मोडही फेऱ्यात यावा, म्हणजे रस्ता ओलांडताना गाड्या ऐकू येतील. बास थोडा वाढावा. आणि ऑफिसचा लॅपटॉप आणि फोन, दोन्हीकडे बड एकदम जोडलेले राहावेत.

या गोष्टी हुआवेच्या खासगी भाषेतल्या आहेत. ही भाषा काही हौशी प्रोग्रामरांनी फोन आणि बड यांच्यातले निरोप निरखून शोधून काढली आणि त्यावर `OpenFreebuds` नावाचा मोफत, मुक्त-स्रोत प्रोग्राम लिहिला. तो विंडोज आणि लिनक्सवर चालतो, खातं मागत नाही. बहीण घरच्या लॅपटॉपला बड आधी नेहमीच्या पद्धतीने ब्लूटूथवर जोडते, मग प्रोग्राम उघडून आपलं मॉडेल निवडते. डावा, उजवा आणि डबी यांची वेगवेगळी बॅटरी दिसली की खासगी वाट उघडली, असं समजावं. आकडे येत नसतील, तर बड दुसऱ्या एखाद्या उपकरणावरच्या ॲपशी त्याच वाटेवर बोलत असू शकतात. तिथलं ब्लूटूथ थोडा वेळ बंद करून पाहावं. मग दाबून धरण्याच्या फेऱ्यातले मोड, इक्वलायझर आणि दोन उपकरणांची जोडणी लावून ती प्रोग्राम बंद करते. पुढे फोनवर काही बसवावं लागत नाही.

इतर कंपन्यांसाठीही अशी साधनं आहेत. सॅमसंगच्या गॅलेक्सी बड्ससाठी संगणकावर `GalaxyBudsClient` आहे, साउंडकोरसाठी `OpenSCQ30` आहे. अँड्रॉइडवर `Gadgetbridge` सोनी, सॅमसंग, नथिंग अशा अनेक कंपन्यांच्या ठरावीक मॉडेलना ओळखतं. ते प्ले स्टोअरवर नाही, ‘एफ-ड्रॉइड’ या मुक्त-स्रोत दुकानातून मिळतं. ते इंटरनेटची परवानगीच घेत नाही, म्हणजे माहिती बाहेर पाठवण्याचा मार्गच त्याच्याकडे नाही. मात्र आपलं नेमकं मॉडेल त्याच्या यादीत आहे का, हे आधी पाहावं. एकाच मालिकेतल्या दोन मॉडेलची भाषा वेगळी असू शकते.

कंपनीच्याच ॲपची फाइल हवी असेल, तर ती कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा खोक्यावरच्या क्यूआर कोडवरून घ्यावी. ‘मोफत एपीके’ म्हणून कुठूनही मिळालेली फाइल बसवू नये. बडचं ॲप संपर्क किंवा एसएमएस मागायला लागलं, तर ते लगेच काढून टाकावं. आयफोनवर अशी फाइल बसवायचा सोपा मार्ग नाही. तिथे ॲप स्टोअरचा देश ॲपल खात्याला बांधलेला असतो, म्हणून आयफोनवाल्यांना उधारीच्या फोनचा रस्ताच सोपा पडतो.

> उधारीच्या फोनवर सेटिंग करून घेताना
> आधी फर्मवेअरचं अपडेट करून घ्या, मग सेटिंग लावा, कारण अपडेटनंतर काही वेळा सेटिंग मूळपदावर जातात. फोनवर ‘हे बड तुमच्या खात्यात जतन करू का?’ असं विचारलं तर नकार द्या. काम झाल्यावर त्या फोनच्या ब्लूटूथ यादीतून बड काढून टाका, नाहीतर त्याचा मालक जवळ आला की बड त्याच्या फोनला जोडले जातील.

फर्मवेअर, आणि खातं नसल्याचा एक धोका

बहिणीचं एक काम राहिलं, फर्मवेअरचं अपडेट. फर्मवेअर म्हणजे बडच्या चिपमध्ये चालणारा मूळ प्रोग्राम. त्याची नवी फाइल कंपनीच्या सर्व्हरवरून कंपनीचं ॲपच आणतं. `OpenFreebuds` हे काम करत नाही. म्हणून परदेशातून बड मागवताना, आणणाऱ्यालाच तिथे त्याच्या फोनवर एकदा अपडेट करून मग आणायला सांगणं सगळ्यात सोपं. भाऊ भारतात आला की त्याच्याच फोनवरूनही हे होतं, कारण एकदा बसवलेलं ॲप देश बदलल्याने फोनवरून निघून जात नाही.

आवाज ठीक असताना या अपडेटची गरज काय, असं वाटेल. जानेवारी 2026 मध्ये बेल्जियमच्या केयू लुव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘व्हिस्परपेअर’ नावाची त्रुटी जाहीर केली. गुगलच्या ‘फास्ट पेअर’ पद्धतीत, बड जोडणीच्या मोडमध्ये नसतील तर त्यांनी अनोळखी फोनची विनंती दुर्लक्षित करायची असते. अनेक नामांकित कंपन्यांच्या बडमध्ये ही तपासणीच नीट केलेली नव्हती. त्यामुळे काही मीटरवर उभा असलेला माणूस, मालकाने काही न दाबता, बडशी जोडणी करू शकत होता आणि मायक्रोफोनपर्यंत पोचू शकत होता.

खातं न उघडणाऱ्यांसाठी यातला पुढचा भाग महत्त्वाचा आहे. अशा बडला जे गुगल खातं सगळ्यात आधी जोडलं जातं, ते मालकाचं खातं धरलं जातं. बड कधीच कोणत्या गुगल खात्याशी जोडले गेले नसतील, उदाहरणार्थ फक्त आयफोनबरोबर वापरले असतील, तर ती जागा रिकामी असते. मग हल्लेखोर आपलं खातं तिथे नोंदवू शकतो, आणि बड गुगलच्या ‘फाइंड हब’ला चालत असतील तर ते घेऊन फिरणारा माणूस कुठे जातो ते पाहू शकतो. फोनवर ‘अनोळखी ट्रॅकर तुमच्याबरोबर फिरतो आहे’ अशी सूचना येते खरी, पण त्यात आपल्याच बडचं नाव दिसतं, म्हणून माणूस ती चूक समजून सोडून देतो.

फोनमधलं फास्ट पेअर बंद करून हा धोका जात नाही, कारण त्रुटी बडमध्ये आहे. बड रीसेट केले तरी त्रुटी तशीच राहते. ती बुजते फक्त कंपनीच्या नव्या फर्मवेअरने. म्हणून आपल्या बडच्या खोक्यावर ‘Fast Pair’ लिहिलेलं असेल आणि आपण ॲप किंवा खातं वापरत नसू, तर कुणाच्या तरी फोनवर कंपनीचं ॲप पाहुणा म्हणून उघडून अपडेट तपासावं, आणि आपल्याच बडच्या नावाने ट्रॅकरची सूचना आली तर ती झटकून टाकू नये. अपडेट झालं की बड रीसेट करून पुन्हा जोडावेत. त्याची पद्धत मॉडेलप्रमाणे बदलते. फ्रीबड्स 5i मध्ये डबीचं बटण दिवा लाल लुकलुकेपर्यंत सुमारे 10 सेकंद दाबून धरायचं असतं. त्यानंतर दाबून धरण्याचे मोड आणि इक्वलायझर पुन्हा एकदा लावावे लागतात.